उशिराची गोळी

ऑपरेशन संपत आलं, की पोट शिवायच्या आधी रक्त टिपायला आत घातलेले सगळे मॉप मोजून बाहेर आले पाहिजेत, हा थिएटरातला पहिला नियम. या मोजणीत धाकटीचा हात धरणारं त्या इस्पितळात कोणी नव्हतं. सर्जन कितीही मोठा असो, घाईत असो, बाहेर त्याची गाडी उभी असो, धाकटी "मोजणी बरोबर" म्हणाल्याशिवाय सुई हलायची नाही. आणि अशा बाईला घरी स्वतःच्या डबीतल्या गोळ्यांचा मेळ लागेना, हे कुणाला सांगितलं असतं तर लोक हसले असते. म्हणून तिने ते कुणालाच सांगितलं नाही. सगळा घोळ तिथूनच वाढला.

धाकटी म्हणजे वयाने काही लहान नव्हे, एक्कावन्नची. पण घरात दोघीच बहिणी, आणि ताई तिच्याहून सतरा वर्षांनी मोठी, त्यामुळे ती जन्मभर धाकटीच राहिली. ताई अजून तिला "चिमे" म्हणायची, आणि बाहेर जाताना "स्वेटर घेतलास का?" विचारायची. ताईने लग्न केलं नाही. कपडे शिवून तिने आई सांभाळली, धाकटीला नर्सिंगला घातलं, धाकटीचा संसार मोडला तेव्हा एका शब्दाने न विचारता तिची खोली झाडून ठेवली. पुढच्या खोलीत खिडकीशी ताईचं मशीन होतं. गिऱ्हाईक दारातून आत येईतो ती नुसत्या नजरेने छातीचं आणि खांद्याचं माप सांगायची, आणि वर टेपने मोजून स्वतःलाच शाबासकी द्यायची.

दोघींना धास्ती एकाच गोष्टीची होती. आई साठी उलटल्यावर विसरायला लागली, आणि विसरत विसरत शेवटी ताईलाच "बाई, तुम्ही कुणाकडे आलात?" असं विचारू लागली. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण एखादी किल्ली सापडेनाशी झाली तरी दोघी हादरायच्या. दोघी मात्र एकमेकींना काही बोलायच्या नाहीत. भीतीच्या बाबतीत मूग गिळून बसण्यात या घराण्याचा नंबर पहिला लागला असता.

पाळी अनियमित झाली आणि धाकटीचे हाल सुरू झाले. अंगातून वाफा निघायच्या, रात्रीचे कपडे घामाने भिजायचे, झोपेचं तर नावच नको. सकाळी ती थिएटरात जायची ती डोळ्यांत वाळू घेऊन. आणि एके दिवशी सर्जनने "बॅबकॉक" मागितला, तेव्हा तिचा हात ट्रेवर तसाच थांबला. वीस वर्षं दिलेला चिमटा, पण त्या क्षणी बॅबकॉक कशाला म्हणतात तेच तिला आठवेना. शेजारच्या पोरसवदा नर्सने तो उचलून दिला.  धाकटी त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली. आपलंही आईसारखं सुरू झालं, असंच तिने मनाशी धरलं.

शेवटी ती डॉक्टरबाईंकडे गेली. डॉक्टरबाई म्हणजे त्याच इस्पितळातल्या स्त्रीरोगतज्ज्ञ. बोलायला फटकळ, पण पेशंटचं पूर्ण ऐकून घेणाऱ्या. त्यांनी आईची सगळी हकीकत विचारली. धाकटी दोन वर्षांची असताना आईचं ऑपरेशन झालं होतं, गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयं काढली होती, आई तेव्हा एकोणचाळीसची होती.

"मग हार्मोन्स दिली होती का नंतर?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"छे. त्या काळी कोण देतंय."

"बघ, पाळी जायच्या वयाच्या बरीच आधी अंडाशयं काढली, तर पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका थोडा वाढलेला दिसतो. अशा बायकांना निदान पन्नाशीपर्यंत हार्मोन्स द्यावीत असं आम्ही आता म्हणतो. हाडांसाठी, हृदयासाठी, आणि कदाचित मेंदूसाठीही. पण तुझ्या आईला त्यामुळेच झालं, असं मी छातीठोक सांगणार नाही. एका बाईचं कारण असं बोट ठेवून दाखवता येत नाही. आणि तुझं प्रकरण वेगळं आहे. तुझी पाळी जायची ती वेळेवर जाते आहे. या दिवसांत शब्द न सुचणं, विसरणं हे पुष्कळ जणींना होतं, आणि बहुतेकींचं निवळतं. तो स्मृतिभ्रंश नव्हे. गोळी देते ती या वाफांसाठी आणि झोपेसाठी. स्मरणशक्तीचं औषध म्हणून घेऊ नकोस, तसं ते नाही."

इतकं स्वच्छ सांगितलेलं. धाकटीने मान डोलावली, आणि घरी जाऊन ताईला काय सांगितलं? "ताई, आईला ही गोळी मिळाली असती ना, तर तिचं डोकं शाबूत राहिलं असतं!" झालं. "वेळेवर" गेलं, "कदाचित" गेलं, "तुझं वेगळं" गेलं. पेशंटच्या नातेवाइकांना एकेक सूचना तीनतीनदा म्हणून दाखवायला लावणारी बाई, घरी मात्र बातमीचं मधलं सगळं गाळून मोकळी झाली.

गोळीचा गुण आला. घाम थांबला, धाकटी सलग झोपू लागली, आणि झोप मिळाल्यावर डोकंही ताळ्यावर आलं. थिएटरात मागायच्या आधी चिमटा सर्जनच्या हातात पडू लागला. मग काय विचारता! तिने गोळीचं तोंड भरून कौतुक सुरू केलं. "मेंदूला खुराक आहे गं नुसता, माझं डोकं मला परत मिळालं बघ," असं ती येताजाता म्हणायची. ताई मशीनवर मान खाली घालून ऐकत असायची. ऐकता ऐकता तिचा पाय पॅडलवर थांबायचा, हे धाकटीच्या लक्षात यायला हवं होतं.

गोळ्या पाकिटातून काढून ती आरशाजवळच्या एका डबीत ओतून ठेवायची. पाकिटावर वार छापलेले असतात, ते नर्सच्या स्वाभिमानाला बोचायचे. मला काय आठवत नाही का, असा तिचा तोरा. दोनेक महिने ठीक गेले, आणि मग डबी महिना संपायच्या आधीच तळ दाखवू लागली. पहिल्यांदा तिला वाटलं, कमी ओतल्या असतील. दुसऱ्यांदा तिची पाचावर धारण बसली. म्हणजे आपण घेतलेली गोळी विसरून परत घेतो! त्यातच एकदा गॅस चालू राहिला, एकदा नळ वाहत राहिला, एकदा दाराची किल्ली बाहेरूनच कुलपाला लटकत राहिली. "ताई, मी ठेवला का गॅस?" धाकटी विचारायची. ताई जरा थांबून म्हणायची, "असेल. दमतेस तू."

डॉक्टरबाईंना सांगावं, असं तिच्या मनात शंभरदा आलं. पण सांगितलं, तर थिएटरातून काढून बाह्यरुग्ण विभागात इंजेक्शनं द्यायला बसवतील, ही भीती. तिने इस्पितळाच्या औषधाच्या दुकानातून जास्तीचं पाकीट आणलं आणि गुपचूप डबी भरली. पुढच्या महिन्यातही तेच केलं. मॉप कमी पडला, तर तो सापडेपर्यंत पोट उघडं ठेवायचं हे शिकलेली बाई. घरी गोळ्या कमी पडल्या, तर तिने वरून आणखी ओतल्या.

मग एका सकाळी ताई न्हाणीघरातून बाहेर येईना. बरंच ठोठावल्यावर आली ती पांढरीफटक पडून. "चिमे, मला रक्त जातंय गं. आठवडा झाला."

अडुसष्टाव्या वर्षी रक्त. गर्भाशयाचा कॅन्सर, हा एकच शब्द धाकटीच्या डोक्यात आला. तिने त्याच दिवशी ताईला डॉक्टरबाईंसमोर नेऊन बसवलं. सोनोग्राफीत गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड दिसलं. डॉक्टरबाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

"ताई, काही औषधं चालू आहेत? हार्मोनच्या गोळ्या वगैरे?"

"नाही, नाही," धाकटीच बोलली. "तिला रक्तदाबाची एक गोळी आहे फक्त."

"मी त्यांना विचारलं, सिस्टर."

ताईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग डॉक्टरबाईंकडे न बघता, भिंतीवरच्या गर्भाशयाच्या चित्राकडे बघत म्हणाली, "हिच्या डबीतल्या घेत होते मी. चारेक महिने. रोज नाही. डोकं जड वाटेल त्या दिवशी."

आणि धाकटीचा जीव भांड्यात पडला.

अगदी खरं सांगायचं, तर तेच झालं. ताईला रक्त जात होतं, ताई खोलीच्या मधोमध गुन्हेगारासारखी बसली होती, आणि धाकटीच्या मनात पहिला विचार आला तो हा, की मी विसरत नव्हते. माझं डोकं ठीक आहे. गॅस मी ठेवला नव्हता, नळ मी ठेवला नव्हता. ही चैन तिला श्वास घेण्याइतका वेळच मिळाली. कारण घरात माणसं दोनच होती. तिच्या डोक्यावरून जे उतरलं, ते ताईच्या डोक्यावर जाऊन बसलं होतं, आणि त्याचा तिला आनंद झाला होता. असली लाज तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"पण का घेतल्यास?" ती ओरडली. ओरडायचा अधिकार तिला नव्हता, म्हणून जरा जास्तच मोठ्याने ओरडली.

"मी गणवेशाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या," ताई म्हणाली. "दोनदा. चाळीस वर्षांत कधी असं झालं नाही. तुझ्या गोळ्या सुरू व्हायच्याही आधी. मग तू म्हणालीस, आईला मिळाल्या असत्या तर. म्हटलं, मला अजून उशीर झाला नसेल."

त्या बाह्या धाकटीने पाहिल्या होत्या. चिंध्यांच्या पिशवीत निघाल्या, तेव्हा त्यांनी तिने आरसा पुसला होता, आणि वर चेष्टा केली होती, "दोन डाव्या हातांचं गिऱ्हाईक कुठून पकडलंस गं?" ताईही हसली होती.

डॉक्टरबाईंनी खुर्ची पुढे ओढली. आता त्या दोघींशीही बोलत होत्या, पण आवाज हळू होता. "ताई, उशीर झाला होता, हेच तर आहे. या गोळीतल्यासारखी दोन हार्मोन्स एकत्र, पासष्टीच्या पुढच्या हजारो बायकांना देऊन बघितलेली आहेत. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती खोटी. मेंदू जपला जाईल अशीच आशा होती. झालं उलटं. खरी गोळी घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंश साधारण दुप्पट निघाला."

"दुप्पट?" धाकटीने विचारलं.

"दुप्पट म्हणजे किती तेही ऐक. दहा हजार बायकांत वर्षाला बावीसच्या जागी पंचेचाळीस. थोडक्या जणींना, पण वाढला तो खरा. त्या गोळ्या या गोळ्यांहून वेगळ्या होत्या, तरी या वयात नव्याने सुरू करा असं कोणीही शहाणा डॉक्टर सांगणार नाही. आणि त्या बायकांनी गोळ्या वर्षानुवर्षं रोज घेतल्या होत्या. तुम्ही चार महिने, अधूनमधून. आजपासून बंद. मी म्हणेन, नुकसान झालं असण्याची शक्यता फार कमी. शून्य म्हणणार नाही, कारण ते मला ठाऊक नाही."

"मग हिला कशा चालतात?" ताईने विचारलं. विचारण्यात राग नव्हता. शिवणकामातली एखादी खोच समजून घ्यावी, तसं विचारलं.

"ही पन्नाशीत आहे, पाळी आत्ता थांबतेय. या वयात सुरू केलेल्यांवरही चाचण्या झाल्या. काही वर्षं घेऊनही स्मरणशक्ती सुधारली नाही, बिघडलीही नाही. हिचं डोकं आलं ते झोपेने, गोळीने थेट नव्हे. कागदोपत्री नोंदी चाळून केलेले काही अभ्यास या वयातही धोका दाखवतात. पण गोळी घेते कोण? जिला मुळात त्रास जास्त, झोप कमी. मग दोष गोळीचा की त्रासाचा, ते त्या नोंदींतून सुटत नाही. म्हणून मी गोळी देते ती त्रासासाठी. स्मृतिभ्रंश टाळायला कुणालाच देत नाही. हे मी हिला सांगितलं होतं."

"सांगितलं होतं," धाकटी म्हणाली. एवढं कबूल करताना तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

अस्तराचा तुकडा तपासायला काढला, त्या दिवशी थिएटरात तिला उभं राहू दिलं नाही. ती बाहेर बाकावर बसून राहिली. आतल्या मोजणीचे शब्द तिला दाराबाहेर ऐकू येत होते, आणि दर वेळी ती ओठांतल्या ओठांत बरोबरीने मोजत होती. तुकडा निर्मळ निघाला. रक्त गोळ्यांनीच आलं होतं, ते थांबलं. ताईने देवाचे आभार मानले. धाकटीला ते जमेना, कारण खरी परीक्षा पुढेच होती.

डॉक्टरबाईंनी सुचवलेल्या विस्मरणाच्या तज्ज्ञाने ताईकडून कागदावर घड्याळाचं चित्र काढून घेतलं, शब्द म्हणून घेतले, रक्त तपासलं, मेंदूचा फोटो काढला. घड्याळाचे काटे ताईने झोकात काढले, वर कागदाची कड नखाने सारखी केली. पाच शब्दांतले दोनच तिला आठवले. "सुरुवातीचं सौम्य विस्मरण आहे," तज्ज्ञ म्हणाला. "स्मृतिभ्रंश म्हणणार नाही. काहींचं इथेच थांबतं, काहींचं पुढे जातं. रक्तदाब सांभाळा, चाला, माणसांत राहा, सहा महिन्यांनी परत बघू."

धाकटी मागे थांबली. "डॉक्टर, गोळ्यांमुळे...?"

"बाह्या आधी कापल्या ना त्यांनी? म्हणजे सुरुवात आधीची. गोळ्यांनी त्यात भर घातली का, ते सांगता येणार नाही. बहुधा नाही."

बहुधा. हा शब्द ती घरी घेऊन आली, आणि तो तिच्याबरोबर जेवायला बसू लागला. कुणी "तुझीच चूक" म्हटलं असतं, तर तिने भांडण तरी केलं असतं. "तुझी मुळीच चूक नाही" म्हटलं असतं, तर रडून मोकळी झाली असती. बहुधाचं काय करायचं? ताईने एका शब्दाने दोष दिला नाही, त्याचाही तिला त्रास होई. उलट ताईच म्हणायची, "चिमे, गॅस मीच ठेवत होते, आणि तुला 'असेल' म्हणत होते. तू घाबरतेस हे दिसत होतं मला. तरी बोलले नाही." सतरा वर्षांनी मोठी बहीण धाकटीची माफी मागते, हे ऐकवत नव्हतं.

धाकटीच्या गोळ्या चालूच राहिल्या. तिने बंद करून पाहिल्या होत्या, प्रायश्चित्त म्हणून, तर चार रात्री घामात जागून थिएटरात डुलकी लागायची वेळ आली. डॉक्टरबाईंनी झापलं, "तू न झोपल्याने ताईचा मेंदू कसा सुधारतो, ते मला समजावून सांग." आता गोळ्या वार छापलेल्या पाकिटातच असायच्या, कपाटात, कुलपात. रोज ती किल्ली फिरवताना बाहेर मशीनचा आवाज थांबतोय का, इकडे तिचा कान असायचा. तो थांबत नसे. ताई आता साध्या उशांचे अभ्रे शिवायची. अभ्र्यांना बाह्या नसतात.

एका संध्याकाळी धाकटी कामावरून आली, तर जिन्यातच करपलेल्या दुधाचा वास. ताई मशीनवर, पाठमोरी. स्वयंपाकघरात पातेलं काळंठिक्कर, खालची ज्योत तशीच जळत होती. धाकटीने गॅस बंद केला, खिडकी उघडली.

ताई दारात येऊन उभी राहिली. पातेल्याकडे बघितलं, धाकटीकडे बघितलं. तिचा चेहरा शाळेत चूक सापडलेल्या मुलीसारखा झाला होता.

"चिमे," ती म्हणाली, "गॅस... मी ठेवला का गं?"

"मीच ठेवला होता सकाळी" हे वाक्य धाकटीच्या जिभेवर तयार होतं. इतके महिने तिने ते खरं मानून सोसलं होतं. आता ते खोटं आहे हे ठाऊक असताना म्हणायला तर काहीच लागलं नसतं, ताईचा चेहरा लगेच सैल झाला असता, आणि तिचा स्वतःचा भारही थोडा हलका झाला असता. तिने तोंड उघडलं. मग तिला ती डबी आठवली, आणि वरून ओतलेल्या गोळ्या.

"हो ताई," ती म्हणाली. "तूच ठेवलास. मी बंद केला."

ताईने मान हलवली.  मग पदर खोचून ती घासणी शोधायला लागली. घासणी तिच्या हाताशीच होती. धाकटीने ती उचलून दिली नाही, नुसती शेजारी उभी राहिली. थोड्या वेळाने ताईला ती सापडली.